एका पेराचं पाणी

आमच्या घरात श्रावणी सोमवार कुणी धरत नाही, पण गावाचे सगळे सोमवार आमच्याच घरातून बाहेर पडतात. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, सैंधव मीठ, सगळं अब्बांच्या दुकानात. गाव पळसदेवच्या अलीकडं, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. दुकान पुढं आणि घर मागं, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडं अम्मीचं राज्य आणि पलीकडं अब्बांचं, अशी अब्बांची समजूत होती.

अब्बांना सगळं गाव चाचा म्हणतं. चाचांच्या दुकानातून नुसता माल घेऊन कुणी सुटत नसे. मालाबरोबर सल्ला फुकट. तूरडाळ घेतली की ती कशी शिजवावी, हळद घेतली की ती कशी ओळखावी. आयुष्यात चहासुद्धा स्वतः करून न प्यालेला हा माणूस अख्ख्या गावाला स्वयंपाक शिकवायचा. त्यातही साबुदाण्याचा सल्ला म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पुडी बांधता बांधता ते तर्जनी वर करायचे, तिच्या वरच्या पेरावर अंगठा ठेवायचे आणि म्हणायचे, "किलोला एक पेर पाणी वर. न धुता. धुतलं की सत्त्व जातं. रात्रभर ठेवा, सकाळी मोती."

समोरची बाई मान डोलवायची. "व्हय चाचा" म्हणायची. अब्बांचा चेहरा खुलायचा. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. मी लहानपणापासून ते बोट बघत आले. मोठी होऊन भिगवणच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तरी त्या पेराबद्दल मला कधी शंका आली नाही. शंका यायला निदान एकदा तरी साबुदाणा भिजवावा लागतो आणि मी अम्मीच्या हातचं आयतं खाणारी. बापाची लेक शोभावी अशीच.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातल्या महादेवाच्या देवळात श्रावणातल्या प्रत्येक सोमवारी खिचडी वाटतात. ती करायला डाळजचा एक म्हातारा आचारी यायचा. त्या वर्षी तो मुलाकडं पुण्याला राहायला गेला. तेव्हा देवस्थान कमिटीच्या आबांनी जाहीर केलं, "आचारी कशाला पायजे? खिचडी ती खिचडी. आमी करतो."

आबा म्हणजे पंधरा एकर उसाचे मालक. बोलायला रोखठोक, मनानं चांगले, पण कशातही 'मला कळत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. त्यांनी रविवारी आमच्याकडून वीस किलो साबुदाणा नेला. अब्बांनी अर्थातच पेर दाखवलं. आबांनी मान डोलवली, आणि फरक एवढाच की त्यांनी ते खरंच मनावर घेतलं.

सोमवारी दुपारी गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. देवळामागची मोठी कढई, त्यात पांढरट, पिवळसर, चकचकीत असं काहीतरी, आणि त्यात उलथनं उभं. कुणी धरलेलं नाही, स्वतःच्या हिमतीवर उभं. मग कुणीतरी ते उलथनं उचललं तर अर्धी खिचडी त्याच्याबरोबर वर आली आणि लोंबकळत राहिली. खाली एकानं लिहिलं होतं, 'स्लॅब टाकायला घेऊन जावा.' दुसऱ्यानं लिहिलं, 'महादेवाला अभिषेक का प्लास्टर?' मी हसून हसून लोळले. अब्बा मात्र मोबाइल हातात धरून पुन्हा पुन्हा तोच व्हिडिओ बघत बसले.

संध्याकाळी आबा दुकानात आले. गिऱ्हाइकं होती, तरी त्यांनी आवाज खाली केला नाही.

"चाचा, माल खराब हाय तुमचा. अख्खं गाव उपाशी राहिलं."

"माझा माल?" अब्बांनी वजनकाट्यावरचा हात काढला. "आबा, चाळीस वर्षांत कुणी आसं म्हणलं न्हाय."

"मग मी म्हणतो. पुढच्या सोमवारी बारामतीवरनं आणतो साबुदाणा. राग धरू नका."

राग कसला, अब्बा रात्री जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी साबुदाण्याचं पोतं उघडलं आणि मूठ भरून उजेडात धरली. दाणे एकसारखे, पांढरे, कोरडे, धूळ नाही, चुरा नाही. ते माझ्यापुढं मूठ धरून म्हणाले, "बघ, ह्यात काय खोट हाय?" मी म्हणाले, "काही नाही." ते खरंच होतं. गिऱ्हाइकं येत होती, पण साबुदाणा मागताना थोडी चाचरत होती. एका म्हातारीनं तर सरळ विचारलं, "चाचा, चांगला हाय नव्हं?" दुकानदाराला शिवी दिलेली परवडते, पण असा प्रश्न परवडत नाही. मला त्या म्हातारीचा इतका राग आला की मी तिला सुट्टे पैसे मुद्दाम सावकाश मोजून दिले.

अम्मी पडद्यामागून सगळं ऐकत होती. बोलली एवढंच, "जाऊ द्या की. एका सोमवारनं काय व्हतंय?"

दुसरा सोमवार उजाडला. आबांनी बारामतीच्या मार्केटमधून साबुदाणा आणला होता, महागातला, छापील पिशवीतला. आणि दुपारी बारा वाजता ग्रुपवर दुसरा व्हिडिओ आला. ह्या वेळी उलथनं उभं राहिलं नाही. ते वाकलं.

अब्बांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, टोपी घातली आणि देवळाकडं निघाले. ईदलासुद्धा एवढं खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. मला शाळेत जायचं होतं, पण असला तमाशा सोडून कोण शाळेत जातं? मी फोन करून अर्धी रजा टाकली आणि मागं गेले.

देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कमिटीची पाच-सहा माणसं कढईभोवती सुतक लागल्यासारखी बसली होती. अब्बा कढईत डोकावले आणि म्हणाले, "काय आबा, बारामतीचाबी माल खराब निघाला का?"

आबांनी वाकलेलं उलथनं बाजूला टाकलं.

"किती पाणी घातलंवतं?"

"तुमी सांगितलं तेवढंच," आबा फणकारले. "किलोला एक पेर. वीस किलोला वीस पेरं. काठीवर खुणा करून घातलंय, आंदाजानं न्हाय."

शेजारी निळं पिंप होतं आणि त्याला टेकून ठेवलेली काठी. काठीवर खडूच्या वीस खुणा. एकरी डोस काढावा तसा आबांनी साबुदाण्याचा हिशेब काढला होता. मोटरीचा पाइप थेट पिंपात सोडून वीस किलो साबुदाण्यावर कंबरेएवढं पाणी चढवलं होतं, आणि सकाळी वरचं दुधासारखं पाणी सोडून देऊन खालचा चिखल कढईत ओतला होता. उसाला पाणी दिलं होतं थोडक्यात.

अब्बांना हसू आवरेना. "आहो, माणूस दुप्पट जाड झाला म्हणून त्याला दोन टोप्या घालता का? भांडं कसलंबी आसू द्या, पेर एकच! नाचता येईना अंगण वाकडं. आन् बदनाम माझा माल!"

आबांचा चेहरा उतरला, पण ते हरणारे नव्हते. "तुमचं एक पेर तरी कशावरनं बरोबर? तुमी कधी केलीय खिचडी?"

इथं अब्बांनी हसून घरी यायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्या सकाळी आठला माझ्या घरी या. एक किलो साबुदाणा मी माझ्या हातानं भिजवतो, एक पेर पाण्यात. खिचडी मोकळी न्हाय झाली, तर ह्या चाचाच्या दुकानात परत साबुदाणा दिसणार न्हाय. जबान दिली."

आबा म्हणाले, "आलो." कमिटी म्हणाली, "आलो." मी मनात म्हणाले, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

संध्याकाळी अब्बा पहिल्यांदा पडदा ओलांडून स्वयंपाकघरात काहीतरी करायला आले. अम्मीनं जागा करून दिली. त्यांनी किलोभर साबुदाणा पातेल्यात ओतला, न धुता. वर पाणी घातलं, तर्जनी बुडवली, पेर मोजलं, आणखी थोडं घातलं, परत मोजलं. मग झाकण ठेवून त्यावर हात आपटला. अम्मी शेजारी भाजी निवडत होती. तिनं एकदा तोंड उघडलं, अब्बांनी हात वर केला, तिनं तोंड मिटलं.

अब्बा दुकानात गेल्यावर तिनं आपली परात काढली. त्यात चार वाट्या साबुदाणा घेतला आणि पाणी घालून हलक्या हातानं फिरवला. पाणी ताकासारखं झालं. ते ओतलं. दुसऱ्यांदा धुतला, तिसऱ्यांदा धुतला, तेव्हा कुठं पाणी नितळ दिसलं. चोळला मात्र अजिबात नाही. मग चाळणीत निथळला, परत परातीत पसरला आणि दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी घातलं. वर बोटभर नाही, पेरभर तर नाहीच.

"एवढंच?" मी विचारलं.

"आंग भिजलं पायजे, आंघूळ न्हाय घालायची," ती म्हणाली. "वरचं पीठ धुऊन गेलं की दाण्याला दाणा चिकटत न्हाय. आन् थोडं कमी पडलं तर सकाळी शिपडता येतं. जास्त झालेलं काढता येत न्हाय."

तासाभरानं तिनं परातीत बोटं फिरवून दाणे मोकळे केले आणि झाकून ठेवले. मी तिला विचारलं, की अब्बांना का सांगत नाहीस? ती म्हणाली, "त्यांनी इचारलं का?" ह्या घरात मी तीस वर्षं राहत होते आणि तिचा हा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. मला स्वतःचीही लाज वाटली, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

सकाळी सहाला अब्बांनी झाकण काढलं. दाणे फुगून एकमेकांना घट्ट धरून बसले होते. खाली खळ साचली होती. त्यांनी एक दाणा उचलायचा प्रयत्न केला तर सात आले. त्यांनी झाकण परत ठेवलं, जणू पाच मिनिटांनी उघडलं तर आत दुसरं काही निघेल. शेजारी अम्मीनं परात उघडली. तिनं एक दाणा चिमटीत दाबला. तो लोण्यासारखा चपटा झाला, मध्ये कडक कणी नाही. कडेच्या थोड्या दाण्यांत कणी लागत होती, तिथं तिनं पाण्याचा हबका मारला आणि अर्धा तास झाकून ठेवलं.

मग तिनं दोन्हींची खिचडी केली. आधी अब्बांची. तूप, जिरं, मिरची, बटाटा, दाण्याचं कूट, सगळं तेच, हात तोच. तरी कढईत गेल्यागेल्या त्याचा एक गोळा झाला आणि उलथन्याबरोबर गोल गोल फिरायला लागला. नंतर तिची. तिनं साबुदाण्यालाच कूट, मीठ आणि चिमूटभर साखर आधी लावून घेतली होती, उरलासुरला ओलावा कुटानं ओढून घेतला. बारीक गॅसवर दोनदाच खालीवर केली, झाकण ठेवून एक वाफ काढली. दाणे काचेसारखे झाल्याबरोबर गॅस बंद. एक एक दाणा सुटा, मऊ.

अब्बा दारात उभे राहून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "पण पेर तर मी तुझंच बघितलंवतं. लग्न झाल्यावर. तू भांड्यात बोट बुडवून पाणी मोजत व्हतीस."

"मोजत नव्हते," अम्मी म्हणाली. "पाणी जास्त पडलंवतं, किती जास्त ते बघत व्हते. मग ओतून दिलं. तवर तुमी दुकानात गेला."

"आन् ह्या सगळ्या बाया? चाळीस वर्षं माझ्या सांगण्यावर..."

"कुणी न्हाय केलं तुमच्या सांगण्यावर. हितं 'व्हय चाचा' म्हणायचं, आन् घरी जाऊन आपापल्या आईनं शिकवलं तसं करायचं. मला नळावर सांगून हसत्यात. पयल्यांदा तुमचं ऐकलं ते आबांनी."

अब्बा पाटावर बसले. माझ्या बापाला मी अनेकदा चिडलेलं पाहिलंय, एवढं रिकामं झालेलं नाही. हसण्यासारखी गोष्ट होती आणि हसू येईना.

एवढ्यात बाहेर आबांचा आवाज आला, "चाचा, आलोय!" पाच माणसं होती. अब्बा अंगणात गेले, खाटा टाकल्या. आत मी आणि अम्मी, आणि दोन कढया. मी अम्मीकडं बघितलं नाही. सरळ तिच्या कढईतून सहा बशा भरल्या, वर खोबरं-कोथिंबीर घातली आणि बाहेर नेल्या. खोटं बोलायचं नव्हतंच. कुणी विचारलं असतं तर बघितलं असतं. बापाची जबान जायला नको एवढंच मला कळत होतं, विज्ञान वगैरे नंतर.

आबांनी घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. बशी तिरपी केली तर दाणे घरंगळले. "आयला, चाचा! मोती हायेत की! हरलो. मानलं तुमाला. पेर ते पेरच."

बाकीचेही माना डोलवायला लागले. कुणीतरी मोबाइल काढला, ग्रुपवर टाकायला. अब्बा हातात बशी धरून बसले होते, एक दाणाही तोंडात घातला नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली केली. एवढं सोपं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. दुकान राहिलं असतं, साबुदाणा राहिला असता, आणि आबा पुढची वीस वर्षं त्यांचं पेर गावभर मिरवत फिरले असते.

अब्बांनी बशी खाली ठेवली. "फोटू काढू नका," ते म्हणाले. "ही माझी न्हाय. माझी आत हाय." मग मला म्हणाले, "आण ती."

मी आणली. दुसरं काय करणार? आबांनी चमचा खुपसला, चमचा तिथंच राहिला.

"तुमची वीस पेरं चुकली, पण माझं एक पेरसुद्धा चूकच व्हतं," अब्बा म्हणाले. "माल चांगला हाय. सांगणारा येडा व्हता. दोन सोमवार गाव माझ्या जिभेपायी उपाशी राहिलं. आता जबान दिलीय तर दिलीय, आजपासनं दुकानात साबुदाणा न्हाय."

आबा अवघडले. चुकलेल्या माणसाला टोमणा मारायची एवढी आयती संधी, पण त्यांना ती घेता येईना, कारण अर्धी चूक त्यांच्या काठीवर होती. ते नुसते "आहो चाचा, आसं कसं..." म्हणत राहिले.

तेव्हा अम्मी पदर सावरत बाहेर आली. कमिटीच्या माणसांसमोर ती अशी कधी आली नव्हती. ती अब्बांना म्हणाली, "साबुदाणा ऱ्हाईल. सांगणं बंद करा."

आधी एक जण हसला, मग सगळेच हसले. शेवटी अब्बासुद्धा हसले आणि टोपीच्या कडेनं डोळे पुसले. आबांनी मोकळ्या खिचडीची बशी परत उचलली आणि विचारलं, "मग चाची, सोमवारचं कसं करायचं? वीस किलो हाय. तुमीच सांगा."

अम्मीनं क्षणभरही विचार केला नाही. "पिंप न्हाय चालायचं. गावातनं पंधरा-वीस पराती गोळा करा, एकीत दीड किलोच्या वर पडला न्हाय पायजे. कढईतबी एकदम टाकायचा न्हाय, चार खेपा करायच्या. मी शेडात येऊन बसते. रविवारी चार वाजता सगळ्यांनी हात धुऊन यायचं."

"मी पण?" अब्बांनी विचारलं.

"तुमी साडेतीनला," अम्मी म्हणाली.